रॅम्पाखालची काळी रेघ

सरोजाकाकूंचा फोन आला तेव्हा मी वेलचेरीत एका अपार्टमेंटच्या गच्चीवर उन्हात भाजत होतो.

"गिरीधरा, तुझी भिंत परत फुगली पा."

तुझी भिंत म्हणाल्या. भिंत त्यांच्या अड्यारच्या घरातली. पण गेल्या सप्टेंबरात दुरुस्त केलेली मी. म्हणजे माझीच.

"किती वर आलीय काकू?"

"आधीं गुडघ्याएवढी होती. आतां कंबरेला आली. पोर वाढत्ये तशी वाढत्ये."

काकूंची मराठी तंजावरची. शेकडो वर्षं जुनी, आणि मधे मधे तमिळ. मी इस्लामपूरचा. पहिल्या भेटीत आम्ही दोघं बोलायच्या आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघतच बसलो होतो. मग त्यांनी डांगर पचडी आणि पोळी वाढली आणि भाषा जुळली.

मी ओलीची कामं करतो. गळक्या गच्च्या, बाथरूम, फुगलेल्या भिंती. शिक्षण बारावी. बाकी सगळं मोबाइलवर बघून आणि एळुमलैच्या शिव्या खाऊन शिकलो. एळुमलै माझा गवंडी. साठीचा आहे, बोलतो तमिळ, मला हाक मारतो "इंजिनिअर". कौतुकानं नाही.

गेल्या वर्षी काय केलं होतं ते सांगतो, लपवण्यात अर्थ नाही.

काकूंचं घर बावन्न सालचं. काकांच्या वडिलांनी बांधलेलं, ठणठणीत. फक्त पुढच्या खोलीची बाजूची भिंत खराब. नऊ इंची, वीट आणि चुना. खाली पोपडे, पांढरी बुरशी वाटावी असं मीठ, आणि वर एक पिवळट रेघ. त्याआधी तीनदा प्लास्टर झालेलं. एकदा साधं सिमेंट, एकदा सिमेंटवर वॉटरप्रूफ रंग, एकदा तर टाइल. प्रत्येक वेळी ओल थोडी वर सरकलेली. मी आलो आणि हसलो. म्हणालो, हे वरवरचे उपाय, मी मुळावर जातो.

पाणी विटेतून वर चढतं. वातीतून तेल चढतं तसं. म्हणून जुने लोक घर बांधताना जोत्यावर एक थर घालायचे, डांबर नाहीतर घट्ट काँक्रीट, म्हणजे पाणी तिथंच थांबावं. हा थर मेला असेल असं मी धरून चाललो. मग नवा थर इंजेक्शननं. आतल्या जमिनीपासून चार इंचांवर एका ओळीत भोकं पाडली, विटेत नाही, मधल्या चुन्याच्या सांध्यात. त्यात सिलिकॉनची क्रीम भरली. ती चुन्यात पसरते आणि पाण्याला वाट ठेवत नाही. वर नवं प्लास्टर, रंग, फोटो. तो फोटो तीन दिवस माझ्या स्टेटसला होता.

भोकं पाडत असताना काकूंनी विचारलं होतं, "बाहेरून पाहिलास कीं?"

आणि राघोत्तमकाका लगेच म्हणाले होते, "बाहेर काय आहे, रॅम्प आहे. कॉफी निवत्ये, ये."

मी कॉफी प्यायला गेलो. तिथं चुकलो.

---

रविवारी गेलो. काकूंची मुलगी हरिप्रिया पण आलेली. पेरुंगुडीत आयटीत आहे, तिथंच फ्लॅट. भिंतीसमोर उभी राहून ती माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवलं. ढब ढब. आत पोकळ. नखानं खरवडलं तर प्लास्टरचा पापड हातात आला, आणि मागं बारीक पांढऱ्या सुया. पाणी सुकतं, मीठ मागं राहतं, मीठ वाढतं आणि प्लास्टरला ढकलून काढतं. प्लास्टर चांगलं की वाईट याचा काही संबंध नसतो. एळुमलैनं चिमूटभर जिभेवर ठेवलं, थुंकला आणि तमिळमध्ये म्हणाला, "उपमा करायला पुरेल."

"अण्णा, मी स्ट्रेट सांगते," हरिप्रिया मला म्हणाली. "हे चौथं प्लास्टर. अम्माचा खोकला जात नाही. या खोलीत बसलं की बुरशीचा वास येतो. नवरात्रीपर्यंत ही वॉल कोरडी झाली तर ठीक. नाहीतर दोघं माझ्याकडे. नववा मजला. तिथं पाण्याला खालून चढायचं असेल तर लिफ्टनं यावं लागेल."

"आणि गोलू?" काकूंनी विचारलं. नवरात्रात यांच्याकडं पायऱ्या लावून बाहुल्या मांडतात, त्याला गोलू म्हणतात. काकूंचा सात पायऱ्यांचा. याच भिंतीला टेकून, काकांच्या आईच्या वेळेपासून.

"गोलू तिथंही होईल अम्मा. तीन पायऱ्यांचा."

"तीन पायऱ्या म्हणजे गोलू नव्हें. चपलांचा स्टँड."

हरिप्रियाला हसू आलं पण ती हटली नाही. काका खिडकीतून बाहेर बघत होते.

"होईल ना अण्णा? सहा आठवडे आहेत."

आणि मी म्हणालो, "बघतो."

खरं उत्तर मला माहीत होतं. नऊ इंची भिंत, पाणी बंद झाल्यावरही वाळायला इंचाला महिना धरायचा. म्हणजे नऊ महिने. सहा आठवड्यांत कोरडी होणार नाही, कुणी काहीही करो. पण ती रागात होती आणि माझं आधीच एकदा चुकलेलं. म्हणून बघतो म्हणालो.

---

हरिप्रिया गेल्यावर मी एळुमलैला म्हटलं, "नळी काढ."

लेव्हलची नळी. पारदर्शक प्लास्टिकची, आत पाणी. दोन टोकांचं पाणी नेहमी एका उंचीवर राहतं, मधे भिंत असो नाहीतर डोंगर. यंत्रं किती आली, पण एळुमलैचा विश्वास तेवढ्या नळीवर.

एक टोक त्यानं खोलीत धरलं, माझ्या गेल्या वर्षीच्या भोकांच्या ओळीपाशी. दुसरं टोक मी खिडकीतून घेतलं आणि बाहेर आलो.

बाहेर रॅम्प. मी तो गेल्या वर्षीही पाहिला होता. म्हणजे डोळ्यांनी. चार फूट रुंद, भिंतीला चिकटून पूर्ण लांबीचा, गेटपासून हळूहळू चढत दारापर्यंत. कडेनं कुंड्या, मधे तुळस, तुळशीपुढं सकाळचा कोलम, म्हणजे इकडची रांगोळी. रॅम्प ओला होता. सडा मारलेला, रोजच्यासारखा.

दाराचा उंबरा जुन्या सागवानाचा, आतल्या जमिनीपासून पाच इंच उंच. आतून त्याला एक लाकडी उतार लावलेला. बाहेरून रॅम्पचं काँक्रीट बरोबर उंबऱ्याच्या माथ्याला मिळवलेलं.

मी दाराजवळ नळी भिंतीला धरली. पाणी हललं, थांबलं.

भोकांची ओळ बाहेरच्या काँक्रीटच्या एक इंच खाली होती.

मी परत लावली. तेच.

म्हणजे मी काळजीपूर्वक, सांधे शोधून, क्रीम भरून पाण्याला खालून चढायचं बंद केलं होतं. आणि पाणी बाजूनं, माझ्या ओळीच्या डोक्यावरून, आरामात आत येत होतं. रोज सकाळी अर्धी बादली.

आतून एळुमलैचा आवाज आला. "काय म्हणते, इंजिनिअर?"

त्याला आकडा न सांगता कळला. "सेरि," म्हणाला. म्हणजे बरं.

काका दारात उभे होते. रेल्वेत सिग्नलला होते ते, चाळीस वर्षं. नळी त्यांना माझ्यापेक्षा चांगली वाचता येत होती.

"रॅम्पच आहे कीं?" त्यांनी हळू विचारलं.

"काका, खाली काय आहे?"

"दोन पायऱ्या होत्या. जोतें उघडें होतें, दोन फूट. मी भरून घेतलों. डबर, माती, वरतीं काँक्रीट."

"कधी?"

"हिचा गुडघा केला तेव्हां. सहा वर्षें झालीं." ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे राहिले. "ही हॉस्पिटलांत होती बारा दिवस. डॉक्टर बोलला, पायरी नकों. हिला सकाळीं तुळशीला पाणी घातल्याशिवाय कॉफी उतरत नाहीं. मी म्हटलों, येईल तेव्हां सगळें सपाट पाहील. आली आणि चालत बाहेर गेली, काठी न घेतां. तें तोंड तूं पाहायला हवें होतेंस."



"गिरीधरा, हिला नकों सांगूं. तिला वाटेल, तिच्या पायापायीं घर गेलें. ती उद्यांपासून बाहेर पाऊल टाकणार नाहीं. मी ओळखतों. दुसरें कांहीं सांग. पाइप फुटला सांग."

"फुटका पाइप दाखवावा लागेल काका."

"एक फोडूं."

ते गंमत करत नव्हते.

मी म्हटलं आधी बघू तर, खाली नक्की काय आहे. एळुमलैनं छिन्नी-हातोडा घेतला आणि भिंतीलगत वीतभर काँक्रीट फोडलं. खालची माती काढली तर ती काळी, चिकट, पिळली तर पाणी गळेल अशी. ऑगस्टच्या उन्हात. हातानं माती उकरत गेलो, पाचसहा इंच, आणि भिंतीवर एक रेघ लागली.

काळी. बोटभर जाड. विटांच्या दोन थरांमधे, सरळ ओढलेली. डांबर. खरवडलं, तरी तुटलं नाही. बावन्न सालचा थर. मी जो मेला असं धरून चाललो होतो, तो जिवंत होता, आतल्या जमिनीच्या उंचीला, जिथं हवा बरोबर तिथं. फक्त त्याच्या वरपर्यंत कुणीतरी ओली माती लावून ठेवली होती. रखवालदार फाटकात उभा आणि शेजारचं कुंपणच पाडलेलं, तसं.

"मेला नाही काका," मी म्हणालो. "चांगला आहे. तुमच्या वडिलांनी घातलेला."

काका वाकून बघत होते. चष्मा सारखा घसरत होता. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला.

"मिळाला कीं नाहीं तो काळा पट्टा?"

काकू. गजांना हात धरून उभ्या. किती वेळ ते माहीत नाही.

काका सरळ झाले. "पाइप," ते म्हणाले. "पाइप बघतों आम्ही."

"तिकडें पाइप नाहीं. कधींच नव्हता." काकू हसत नव्हत्या, पण रागातही नव्हत्या. "अहो, मी एकतीस वर्षें शाळेंत सायन्स शिकविलें. खडू शाईंत उभा करून पोरींस दाखविलें, पाणी कसें चढतें. आणि माझ्या घरांत चढतें तें मला कळायचें नाहीं?"



"रॅम्पाच्या आधीं भिंत कोरडी. रॅम्पानंतर ओली. ह्याला कॉलेज लागतें काय?"

मला लागलं नसतं. मला तर गेल्या वर्षी फक्त बाहेर येऊन बघायचं होतं.

"मग बोलली कां नाहींस?" काका म्हणाले. "चारदां प्लास्टर केलें आपण. चारदां!"

"बोललें असतें तर तुम्ही दुसरे दिवशीं रॅम्प फोडला असता."

"फोडला असता."

"म्हणून." काकूंनी गज सोडला, परत धरला. "प्लास्टर काय, परत करतां येतें. मी हॉस्पिटलांतून आलें तेव्हां तुम्ही त्या गेटापाशीं उभे होतां, हात मागें बांधून, पोरानें पेपरांत शंभर मिळवले तसे. तें फोडायचें म्हणजे."

एळुमलैला मराठी येत नाही, पण त्यानं हातोडा खाली ठेवला.

मग तो माझ्या कानाशी येऊन तमिळमध्ये म्हणाला, "म्हाताऱ्यांचं प्रेम. माझ्या घरी असतं तर भिंत कधीच पडली असती."

काकूंना तमिळ आपल्यापेक्षा चांगलं येतं. त्यांनी आतूनच त्याला झाडलं.

---

रॅम्प फोडायचा नाही, एवढं ठरलं. मग काय करायचं ते एळुमलैनं खडूनं जमिनीवर काढून दाखवलं, मी फक्त मापं घातली.

भिंतीपासून दीड फूट पट्टी कापायची, पूर्ण लांबी. तेवढा भराव काढायचा, जुन्या जोत्याच्या तळापर्यंत. उरलेला रॅम्प ढासळू नये म्हणून त्याला विटांची बुटकी भिंत. मधे जी चर राहील ती उघडी, तळाला उतार, पाणी गेटाकडच्या गटारात. जोत्याला परत हवा लागली पाहिजे आणि काळी रेघ मोकळी दिसली पाहिजे. वर लोखंडी जाळी, म्हणजे कुणी पडणार नाही. आणि दारापुढं, चरीवर, कडप्प्याची एक जाड लादी, विटांच्या दोन खांबांवर. उंबऱ्याला न चिकटवता, बोटभर फट ठेवून.

"फट कशाला?" काकांनी विचारलं.

"चिकटली तर पाणी लादीवरून भिंतीत जाईल. तुम्ही परत पूल बांधल्यासारखं."

काकांनी वहीत लिहून घेतलं. फट. खाली दोन रेघा.

आतून सगळं प्लास्टर काढलं, ओलीच्या रेघेच्या दीड फूट वरपर्यंत, कारण मीठ तिथंपर्यंत गेलेलं असतं. सांधे खरवडले. विटा उघड्या झाल्या. मीठ रोज सकाळी फुलायचं, काकू कोरड्या झाडूनं झाडायच्या, काका सुपलीत गोळा करून बाहेर टाकायचे. पाण्यानं पुसायचं नाही, मीठ परत आत जातं, हे मी सांगितलं होतं. काकांनी तेही लिहून घेतलं.

आणि मी काकूंना खरं सांगितलं. पुढचं प्लास्टर आत्ता नाही. नऊ महिने भिंत अशीच उघडी. मग चुन्याचं करू, सिमेंटचं नाही, म्हणजे राहिलेली ओल श्वासासारखी निघत राहील. नवरात्रीला भिंत कोरडी नसेल.

"प्रियाला सांगितलास?"

"नाही."

"घाबरलास."

"हो."

"सेरि. मीही सहा वर्षें घाबरलें," काकू म्हणाल्या. आणि टेबलाच्या खणातून खडू काढला.

ओल जिथंपर्यंत काळपट दिसत होती तिथं त्यांनी विटांवर आडवी रेघ ओढली आणि तारीख घातली. शाळेतलं अक्षर, सुंदर. दर रविवारी एक रेघ. पहिले दोन आठवडे रेघ जागची हलली नाही. मला झोप नव्हती. तिसऱ्या रविवारी दोन बोटं खाली. काकूंनी मला फोटो पाठवला, बरोबर एक शब्द, "उतरत्ये."

तो मी स्टेटसला ठेवला नाही.

---

नवरात्रीच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी गेलो. आधीचे तीन दिवस पाऊस जोरात झाला होता. रस्त्यावर पाणी, शेअर ऑटोवाले नको म्हणत होते, शेवटचा किलोमीटर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून चाललो. चर भरली असेल, जाळीवर पाणी आलं असेल, सगळं मनात येत होतं.

एळुमलै माझ्या आधी पोचलेला. मी बोलावलं नव्हतं. जाळी उचलून चरीत उभा, तळातला पाला काढत होता. पाणी गेटाकडं वाहत होतं. काळी रेघ पाण्याच्या दीड फूट वर.

"प्लास्टर कधी, इंजिनिअर?"

"जूनमध्ये."

"तोपर्यंत मी जगलो तर," म्हणाला आणि पाला माझ्या पायावर टाकला.

आत गोलू मांडलेला. सात पायऱ्या, वर कळस, खाली रक्तचंदनाच्या बाहुला-बाहुलीची जोडी, वाणी-वाणीण, क्रिकेटची टीम पण. भिंतीपासून मात्र हातभर पुढं. मागं उघड्या विटा, खडूच्या रेघा आणि तारखा. हळदीकुंकवाला आलेली एक बाई म्हणाली, "सरोजा, यंदा थीम काय, जुना किल्ला?" काकू म्हणाल्या, "सायन्स एक्झिबिशन. मागें जाऊन पाहा, मग प्रसादाचें सुंडल देतें."

हरिप्रिया पायऱ्यांच्या मागं, त्या हातभर फटीत शिरून उभी होती. मी गेलो.

"अण्णा, ही कोरडी नाही."

"नाही. मला तेव्हाच माहीत होतं, सहा आठवड्यांत होणार नाही. बोललो नाही. अजून सात-आठ महिने लागतील."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता संपलं. मग तिनं तळहात विटेवर ठेवला, खाली सरकवत नेला, जिथं गार लागलं तिथं थांबली. सगळ्यात खालची तारीख गेल्या रविवारची. तिचा हात त्या रेघेच्या बोटभर खाली होता. तीन दिवसांच्या पावसानंतर.

"अम्माला सकाळपासून खोकला नाही आला," ती म्हणाली. जणू तेही मीच लपवलं होतं.

"मला माहीत नाही. मी भिंतीचं सांगू शकतो फक्त."

पायऱ्यांच्या पलीकडून काका बघत होते. हात मागं बांधून. तेच ते उभं राहणं असणार.

हरिप्रियानं त्यांच्याकडं पाहिलं, मग पायऱ्यांवरून वाकून म्हणाली, "अम्मा, खडू."

काकूंनी खडू दिला. तिनं रेघ ओढली. थोडी वाकडी. तारीख घातली आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात लिहिलं, पोंगलला परत बघणार. म्हणजे संक्रांतीला.

"पोंगलपर्यंत," ती बाबांना म्हणाली. "आणि रेघ वर गेली तर मी दोघांना उचलून नेणार."

"वर नाहीं जाणार," काका म्हणाले. "मी फट ठेवलों आहे."

काकू तोपर्यंत कुंकवाची वाटी घेऊन बाहेर निघालेल्या. आतला लाकडी उतार, उंबरा, मग कडप्प्याची लादी, मग रॅम्प. काठी नाही. दारापाशी दिवा लावला. तांब्या उचलला, तुळशीत पाणी घालणार, आणि थांबल्या. काकांनी दुपारी तुळस चरीपासून लांब, पार रॅम्पच्या बाहेरच्या कडेला, गेटाच्या बाजूला सरकवलेली होती.

"इतक्या लांब?"

"चार पावलें आहेत," काका दारातून म्हणाले. "मी मोजलों."

"तुम्ही सगळेंच मोजतां," काकू म्हणाल्या, आणि चार पावलं चालत गेल्या.